रास कर्क आहे, पण लग्न कुठलं? लहान मुलाची पत्रिका आईबापांनी कशी वाचायची

बारशाच्या आधी बहुतेक घरात एक कागद येतो. गुरुजींकडून, नाहीतर हल्ली ॲपमधून पीडीएफ. त्यावर रास, नक्षत्र, चरण, गण, नाडी, योनी, वर्ण असं सगळं असतं, आणि आपण त्यातलं एकच बघतो, नाव कुठल्या अक्षरावरून ठेवायचं. मग कागद कपाटात जातो तो एकदम लग्न जमवायच्या वेळी बाहेर येतो. गंमत म्हणजे त्या कागदावरची गण, नाडी, योनी ही माहिती खरंच त्याच वेळेसाठी असते, पाळण्यातल्या बाळाच्या स्वभावाशी तिचा फारसा संबंध नाही. देवगण म्हणजे गुणी बाळ आणि राक्षसगण म्हणजे त्रास देणार, असं कोणी म्हणालं तर ऐकून सोडून द्या.

मूल लहान असताना कामाच्या गोष्टी दोनच, चंद्र आणि लग्न. आणि हल्ली व्हॉट्सॲपवर 'तुमच्या बाळाची रास आणि स्वभाव' अशा ज्या पोस्ट फिरतात ना, त्यात नेमकं लग्न गाळलेलं असतं, म्हणून अर्ध्या आया म्हणतात अगदी बरोबर आहे आणि अर्ध्या म्हणतात आमच्याकडे तर उलटंच आहे. त्या उलटंच वाल्यांसाठी हा लेख आहे.

आधी दोन शब्द समजून घेऊ

आपण मराठीत 'माझी रास अमुक' म्हणतो ती चंद्ररास. जन्माच्या वेळी चंद्र बारापैकी ज्या राशीत होता ती. चंद्र एका राशीत साधारण सव्वादोन दिवस असतो, म्हणजे त्या सव्वादोन दिवसात जन्मलेल्या सगळ्या बाळांची रास एकच, मग ते नागपुरात जन्मलेलं असो की न्यू जर्सीत.

लग्न म्हणजे त्याच क्षणी, त्याच गावाहून बघितलं तर पूर्वेच्या क्षितिजावर जी रास उगवत होती ती. पृथ्वी फिरत असते त्यामुळे चोवीस तासात बाराही राशी उगवून जातात आणि लग्न साधारण दर दोन तासांनी बदलतं. म्हणून लग्नाला वेळही लागते आणि गावही लागतं.

परंपरेत चंद्र म्हणजे मन. 'चंद्रमा मनसो जातः' हे पुरुषसूक्तातलं वाक्य घरात पूजा होत असेल तर कानावरून गेलेलं असतंच. लग्न म्हणजे देह, अंगलट, आणि बाहेरच्या जगाला सामोरं जायची पद्धत. घराच्या भाषेत सांगायचं तर लग्न म्हणजे दार आणि चंद्र म्हणजे माजघर. पाहुण्यांना दार दिसतं, मूल झोपतं जेवतं रडतं ते माजघरात. मोठ्या माणसाच्या पत्रिकेत रवी, दशम स्थान, दशा हे सगळं बघायला लागतं कारण त्याला नोकरी आहे, मानअपमान आहे, कर्ज आहे. दोन वर्षांच्या पोराचं आयुष्य म्हणजे भूक, झोप, भीती, कुणाची तरी मांडी आणि अंगातली ऊर्जा, ते सगळं या दोनात येऊन जातं.

आता मुख्य मुद्दा, आणि माझ्या मते सगळ्यात उपयोगाचा पण हाच. चंद्र आणि लग्न एकाच धाटणीचे असतील तर आईबापांना मूल कळायला सोपं जातं, दिसतं तसंच असतं. ते दोन वेगळ्या धाटणीचे असले की गोंधळ होतो, कारण आपण दार बघून वागतो आणि मुलाला हवं असतं ते माजघरातलं.

एकाच दिवशी जन्मलेल्या दोन मुली

नुसतं सांगून कळणार नाही, एक खरी तारीख घेऊन बघू. 25 जानेवारी 2024, गुरुवार, पौष पौर्णिमा, आणि गुरुपुष्यामृत पण होता त्या दिवशी. चंद्र आदल्या मध्यरात्रीनंतर कर्केत आला होता आणि 27 तारखेच्या दुपारपर्यंत तिथेच होता. समजा त्या दिवशी पुण्यात दोन मुली जन्मल्या, एक दुपारी साडेबाराला आणि एक रात्री साडेदहाला. पहिलीला चिऊ म्हणू, दुसरीला माऊ.

दोघींची रास कर्क, दोघींचं नक्षत्र पुष्य. फरक फक्त चरणाचा, चिऊचं पहिलं चरण म्हणजे नावाचं अक्षर 'हू' आणि माऊचं तिसरं म्हणजे 'हो'. (हू वरून नाव शोधताना घरातल्यांची काय दमछाक होते ते ज्यांच्यावर आलंय त्यांनाच माहिती.) फॉरवर्ड वाचला तर दोघींना एकच परिच्छेद लागू होणार, हळवी, आईवेडी, घरकोंबडी.

आता लग्न. त्या दिवशी पुण्यात साधारण 11:35 ते दुपारी 1:20 पर्यंत मेष लग्न होतं, त्यामुळे चिऊचं लग्न मेष. रात्री दहाला थोडी कमी असताना कन्या लग्न लागलं ते बाराच्या आसपास संपलं, त्यामुळे माऊचं लग्न कन्या. कुंडलीच्या चित्रात हे बघायला सोपं आहे, वरच्या मधल्या चौकोनात जो आकडा असतो तो लग्नराशीचा. चिऊच्या कुंडलीत तिथे 1 असेल, माऊच्या 6. मग जिथे 'चं' लिहिलंय तिथला आकडा बघा, दोघींच्यात तो 4 आहे म्हणजे कर्क. पण वरच्या चौकोनापासून डाव्या हाताला घरं मोजत गेलात तर चिऊचा चंद्र चौथ्या घरात सापडेल आणि माऊचा अकराव्या.

दोघींना सारखं काय हवं असेल

कर्क ही जलरास आणि चंद्राची स्वतःची रास. त्यात पौर्णिमा, म्हणजे चंद्राला पक्षबळही पूर्ण. अशा मुलांना शांत व्हायला वस्तू नाही लागत, माणूस लागतं, आणि तेही ठराविक माणूस. आजीची जुनी साडी, आईचा गाऊन, उशीची एक विशिष्ट खोळ, वास ओळखीचा असला की काम झालं. तीच खोळ धुवायला टाकली की रात्र गेली. जेवण आणि जीव लावणं हे त्यांच्यासाठी एकच असतं, म्हणून रागावलेल्या हाताने भरवलं तर आवडीचा वरणभात पण नको होतो. आणि आठवण फार. सहा महिन्यांपूर्वी एकदा ज्या काकाने गमतीत ओरडून घाबरवलं त्याच्याकडे आजही जाणार नाहीत, आणि काका बिचारा विसरून गेलेला असतो.

पुष्य नक्षत्राचा स्वामी शनी आणि देवता बृहस्पती. इथे मी एवढंच घेते की या मुलांना नेम आवडतो. रोज तीच गोष्ट, त्याच क्रमाने, एक वाक्य गाळलं तर पकडतात.

फॉरवर्डमध्ये नसतो असा एक तपशील आहे. त्या दिवशी मंगळ धनू राशीत होता, आणि मंगळाची दृष्टी, म्हणजे लांबून पडणारा प्रभाव, त्याच्यापासून आठव्या राशीवरही धरतात, ती धनूपासून बरोब्बर कर्केवर पडते. म्हणजे हा चंद्र नुसता लोण्यासारखा मऊ नाही. भूक लागली, झोप चुकली की याच हळव्या मुली चावतात, फेकतात, केस ओढतात. हे ज्या आईला माहीत नाही ती म्हणते 'एवढी गोड मुलगी, आज काय झालं हिला'. काही झालेलं नसतं, साडेअकराचं खाणं बारा वाजता मिळालेलं असतं.

आणि वेगळं काय

चिऊ. मेष म्हणजे अग्नितत्त्व, चर रास, आधी धावायचं मग बघायचं. लग्नातच गुरू आहे, म्हणजे आत्मविश्वासाला आणखी खतपाणी. अशी मुलं उठतात तीच सुरू होऊन उठतात. बारा राशी मिळून कालपुरुषाचं अंग मानतात, त्यात मेष म्हणजे डोकं, आणि जुने लोक म्हणायचे मेष लग्नाच्या पोराच्या कपाळाला खूण असतेच, तर टेबलांच्या कोपऱ्यांना रबरी टोप्या लावून घ्या म्हणजे झालं. बाहेर ती धीट दिसते. बागेत अनोळखी पोरांच्यात घुसते, घसरगुंडीवर ढकलाढकली करते, आणि सगळे म्हणतात काय बिनधास्त आहे.

आता हिला प्लेग्रुपला घातलं. पहिल्या दिवशी आत पळत गेली, मागे वळून बघितलं पण नाही. आई खूश, गेट बंद झाल्यावर निघून गेली. चाळीसेक मिनिटं झकास गेली आणि मग एकदम भोंगा, जो थांबेचना. टीचर म्हणाल्या अचानक रडायला लागली. अचानक नाही ते. दार मेषेचं होतं, ते उघडं टाकून ती पळाली, पण चौथं घर म्हणजे आई आणि घर, तिथला कर्केचा चंद्र म्हणजे तिचं सगळं बळ घरातून येतं, आणि ते बळ संपल्यावर भरून घ्यायला तिथे कुणी नव्हतं. अशा मुलीला निरोप न घेता निघून जाणं ही सगळ्यात मोठी चूक, जरी ती निरोपाची वाट बघत नसली तरी. पळायच्या आधी धरा, पापा घ्या, 'मी डबा संपल्यावर येणार' असं सांगा, आणि पहिले आठ दिवस डबा संपल्यावर खरंच या.

घरी चिऊशी वाद घालू नका, समजावत बसू नका, अग्नीतत्त्वाच्या मुलाला भाषण ऐकवत नाही. अंगातली वाफ आधी जाऊ दे, गादीवर उड्या, जिना चढउतार, काहीही, आणि वाफ गेली की लगेच मांडीवर. तिचा तमाशा जेवढा मोठा तेवढाच लवकर संपतो. बऱ्याच घरात या वेळी तिला 'एकटी बस' म्हणून कोपऱ्यात पाठवतात, आणि कर्क चंद्राला त्यापेक्षा वाईट शिक्षा नाही.

माऊ. कन्या पृथ्वीतत्त्वाची, द्विस्वभाव रास. आधी बघायचं, मग बोट लावून बघायचं, मग ठरवायचं. लग्नात केतूही आहे, घाबरू नका, एवढ्या लहान वयात त्याचा मी एकच अर्थ घेते की गर्दीत असून जरा बाजूला राहणं. ही प्लेग्रुपच्या दारात आईचा हात धरून उभी राहील, दहा मिनिटं, वीस मिनिटं, सगळ्या पोरांचं निरीक्षण करेल, आणि आईला वाटेल ही लाजाळू आहे, हिचं कसं होणार. ढकलू नका. एकदा तिला कळलं की चपला कुठे ठेवायच्या, पाणी कुठे मिळतं, बाथरूम कुठे आहे, की ती आपणहून आत जाते आणि बहुतेक वेळा रडत नाही. तिचा चंद्र अकराव्या घरात, मित्रमंडळींच्या जागी, म्हणजे तिला माणसांचा घोळका मनातून आवडतो, फक्त त्यात शिरायची तिची पद्धत हळू आहे. सुट्टीत चुलत मावस भावंडं जमली की ही सगळ्यात जास्त खुलते आणि ती गेल्यावर सगळ्यात जास्त रडते.

माऊचं रडणं उशिरा आणि आडवळणाने येतं. शाळेत काही खुपलं तर तिथे गप्प, रात्री भातात जिरं आलं म्हणून अर्धा तास. कालपुरुषात कन्या म्हणजे पोट, आतडी, आणि कन्या लग्नाच्या मुलांच्या मनातलं पोटात उतरतं असा अनुभव बरेच जण सांगतात. कपड्याचं लेबल टोचतं, मोज्याची शिवण बोटावर आली की काढून फेकणार, डाळ आणि भात ताटात एकमेकांना लागलेले चालणार नाहीत. हे लाड नाहीत, त्रास खरा आहे. लेबल कापा, वाटी वेगळी द्या, विषय संपला.

बघा, रास एक, नक्षत्र एक, आणि एकीला निघताना धरून ठेवायला लागतं तर दुसरीला धरलेला हात सोडायची घाई करायची नसते.

बाकीच्या राशींचं काय

बारा चंद्र गुणिले बारा लग्न म्हणजे 144 जोड्या, त्या सगळ्या इथे लिहीत बसले तर तुम्ही पण कंटाळाल आणि मी पण. तत्त्वावरून अंदाज बांधता येतो. चंद्र अग्निराशीत म्हणजे मेष, सिंह, धनू असेल तर मुलाला शांत व्हायला हालचाल आणि कौतुक लागतं. वृषभ, कन्या, मकर म्हणजे पृथ्वी, त्यांना स्पर्श, खाणं, ठरलेली वेळ. मिथुन, तूळ, कुंभ ही वायुतत्त्वाची मुलं बोलून शांत होतात, अगदी बोलता येत नसलं तरी, तुम्ही बोलत राहिलात तरी चालतं. आणि कर्क, वृश्चिक, मीन यांना जवळ घेणं, पण वृश्चिकेला विचारून, नाहीतर अंग आक्रसून घेते.

लग्नावरून बघायचं ते बदल कसा पचतो. चर लग्न (मेष, कर्क, तूळ, मकर) नवीन गोष्ट पटकन सुरू करतं. स्थिर लग्नाला (वृषभ, सिंह, वृश्चिक, कुंभ) चालू खेळातून उठवणं म्हणजे युद्ध, त्याला आधी सांगून ठेवायला लागतं, आणखी दोन फेऱ्या मग घरी, असं. द्विस्वभाव लग्न (मिथुन, कन्या, धनू, मीन) दारातच घुटमळतं. एवढं धरून तुमच्या मुलाची जोडी मांडून बघा, आणि दोन्ही एकमेकांच्या विरुद्ध जात असतील तर तिथे जास्त वेळ द्या.

ॲपमध्ये तर चंद्र सिंहेत दाखवतंय

हा प्रश्न हमखास येतो. माऊची तारीख आणि वेळ परदेशी ॲपमध्ये टाकली तर ते सांगेल रवी कुंभेत आणि चंद्र सिंहेत. आपलं पंचांग सांगतं रवी मकरेत आणि चंद्र कर्केत. दोघंही चंद्र तिथेच बघतायत, फक्त राशीचक्राची सुरुवात वेगळीकडून मोजतात. पाश्चात्त्य पद्धत वसंतसंपातापासून मोजते, आपली निरयन पद्धत ताऱ्यांच्या आधाराने, आणि दोन्हीत सध्या साधारण 24 अंशांचा फरक आहे, त्याला अयनांश म्हणतात. रास 30 अंशांची असते, म्हणजे पाचातल्या चौघांची रास बदलणारच. ॲपच्या सेटिंगमध्ये लाहिरी अयनांश आहे का बघा, महाराष्ट्रात सहसा तोच वापरतात. आणि एका पद्धतीची रास घेऊन दुसऱ्या पद्धतीचं वर्णन वाचायचं नाही, हे फार लोक करतात.

वेळ पंधरा मिनिटं इकडेतिकडे असेल तर?

चंद्राला काही फरक पडत नाही, तो तासाला साधारण अर्धा अंश सरकतो. लग्नाला पडू शकतो. चिऊची वेळ साडेबारा, मेष लग्नाच्या जवळजवळ मध्यावर, तिथे पंधरा मिनिटं चुकली तरी लग्न मेषच. पण तीच मुलगी 11:40 ला जन्मली असती आणि नर्सच्या घड्याळात आणि भिंतीवरच्या घड्याळात दहा मिनिटांचा फरक असता, तर लग्न मेष की मीन हे खात्रीने सांगता आलं नसतं, आणि मीन लग्न म्हणजे वेगळंच मूल. पत्रिकेवर लग्नाचे अंश लिहिलेले असतात. ते 3 च्या खाली किंवा 27 च्या वर असतील तर शेजारच्या लग्नाचं वर्णनही वाचा आणि मूल कुणासारखं वागतंय ते बघा.

वेळ जन्मदाखल्यावर शोधू नका, तिथे तारीख असते, वेळ नसते. दवाखान्याच्या डिस्चार्ज कार्डावर किंवा बाळाच्या फाइलवर असते, तिचा आजच फोटो काढून ठेवा. पुढे ती फाइल सापडत नाही आणि मग 'दुपारचा चहा झाला होता' यावर पत्रिका निघते.

सिझेरियनची वेळ धरायची का, तर हो, बाळ बाहेर आलं ती वेळ. मुहूर्त काढून सिझेरियन करणाऱ्यांबद्दल मला जे म्हणायचंय ते इथे लिहीत नाही, एवढंच की ती तारीख डॉक्टरने ठरवावी.

जुळ्यांचं काय?

अवघड प्रश्न. पाच मिनिटांच्या अंतराने जन्मलेल्या जुळ्यांचा चंद्र एक, लग्न एक, आणि तरी एक शांत आणि एक वांड, असं किती घरात असतं. जाणकार मग नवमांशाकडे, म्हणजे राशीच्या नवव्या भागाकडे जातात, लग्नाचा नवमांश साधारण तेरा मिनिटांनी बदलतो. पाच मिनिटांत तो बदलेलच असं नाही. नाही बदलला तर पत्रिकेकडे उत्तर नसतं, आणि मग ओढूनताणून काढलेलं उत्तर ऐकण्यापेक्षा दोघांना वेगवेगळं बघावं.

हे सगळं कुणालाही लागू पडेल असं नाही का?

'हळवी आहे पण भूक लागली की चिडते', हे वाक्य कुठल्या पोराला लागू होत नाही? बरोबर आहे. आणि हेही माहीत असू द्या की याची चाचणी झालेली आहे, आपल्याच पुण्यात, आणि मुलांच्याच पत्रिकांवर. 2008 मध्ये जयंत नारळीकर, नरेंद्र दाभोलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 200 मुलांच्या पत्रिका जमवल्या, निम्मी मुलं शाळेत हुशार म्हणून निवडलेली आणि निम्मी मतिमंद मुलांच्या शाळांमधली. प्रत्येक ज्योतिषाला 40 पत्रिका दिल्या आणि विचारलं यातली कुठली कुणाची. 27 ज्योतिषांनी उत्तरं दिली आणि सरासरी 46 टक्के बरोबर आली. नाणं उडवलं असतं तरी 50 आली असती. बऱ्याच ज्योतिषांनी तेव्हा आक्षेप घेतले, पण आकडा आहे तो आहे.

मी स्वतः पत्रिका बघते तरी हा आकडा सांगते, कारण त्यातून एक मर्यादा सरळ निघते. पत्रिकेवरून मुलाची बुद्धी सांगायची नाही, आजार सांगायचा नाही, वाढ सांगायची नाही. कुणी सांगत असेल तर उठून यावं. मग उरतं काय, तर बघायचे प्रश्न. दारात घुटमळते ती लाजते म्हणून की मोजमाप घेते म्हणून, हा प्रश्न आपल्याला एरवी सुचत नाही, आपण घाईत असतो, चंद्र-लग्नाच्या निमित्ताने सुचतो. उत्तर मात्र मुलाकडूनच घ्यायचं.

ते घ्यायची एक पद्धत सांगते. पत्रिकेवरून दोनच वाक्यं लिहून काढा, आणि अशी लिहा की ती खोटी ठरू शकतील. 'चिऊ हळवी आहे' हे खोटं ठरू शकत नाही. 'रडताना खेळणं दिलं तर फेकते, उचलून घेतलं तर थांबते' हे ठरू शकतं. मग पंधरा दिवस प्रत्येक रडण्याला काय केलं आणि काय झालं एवढंच फोनमध्ये टिपा. घरात जो पत्रिका मानत नाही त्याला टिपायला द्या, ते जास्त बरं, आपण स्वतः टिपलं की आपल्याला हवं तेच दिसतं. वाक्य जुळलं नाही तर वाक्य सोडा, आणि एकदा जन्माची वेळ तपासा. चंद्र मेषेचा म्हणून मुलाला कडेवर घेणं बंद केलं, असं तर मुळीच नको.

मूळ नक्षत्र, आश्लेषा, जननशांत

यावर एवढंच. अश्विनी, आश्लेषा, मघा, ज्येष्ठा, मूळ, रेवती ही सहा गंडमूळ नक्षत्रं म्हणतात. सत्तावीसातली सहा, म्हणजे साडेचार बाळांमागे एक बाळ यातलं. एवढ्या सगळ्या पोरांनी घरावर संकट आणलं असतं तर आजूबाजूला दिसलं नसतं का? जननशांत करायची असेल तर करा, घरातल्या मोठ्यांना बरं वाटतं. पण ती केली किंवा नाही केली यावरून मुलाचा स्वभाव ठरत नाही, आणि 'मूळावर जन्मली' हे तिच्या कानावर पडू देऊ नका, कर्क चंद्र असो नसो, पोरं असलं काही विसरत नाहीत.

डॉक्टरकडे कधी

दीड वर्ष होऊनही मूल चालत नसेल, दोन वर्षांचं होऊन दोन शब्द जोडून बोलत नसेल, नावाने हाक मारल्यावर बघत नसेल, येत असलेले शब्द बोलायचं थांबलं असेल, तर बालरोगतज्ञाकडे जायचं, त्याच आठवड्यात. 'बुध अस्त आहे, तीन वर्षांनी बोलेल' हे वाक्य मी इतक्या घरांत ऐकलंय की आता राग येतो, कारण असं काही असेल तर हेच महिने उपचाराचे असतात. माऊला पोटदुखी आहे तर ती कन्या लग्नामुळे नाही, आधी जंत आणि बद्धकोष्ठ बघा. दोन्ही नसेल आणि दुखणं फक्त शाळेच्या सकाळीच येत असेल, तर मग शाळेत काय खुपतंय ते शोधा, आणि ते तिला सरळ विचारू नका, रात्री भांडी लावताना किंवा अंधारात पाय चेपताना विचारा, या मुली समोरासमोर सांगत नाहीत.

गुरुजींकडे जाणारच असाल तर तीन गोष्टी विचारून या. लग्न कुठलं आणि किती अंशांचं, चंद्र लग्नापासून कितव्या घरात, आणि चंद्रावर कुणाची दृष्टी आहे का. शिक्षण, परदेश, विवाह यातलं काही ते आपणहून सांगायला लागले तर मान डोलवा, लिहून घेऊ नका. जुन्या लोकांचाही दंडक होता की बारा वर्षांपर्यंत मुलाच्या पत्रिकेवरून आयुष्याची भाकितं करायची नाहीत.